वॉलपेपर कंपनीचं, अक्षरांचा आकार तुमचा

सोमवारी कॉम्प्युटर सुरू करावा, तर पडद्यावरचा लेकीचा फोटो गायब आणि त्या जागी कंपनीचा लोगो. सोबत आयटी विभागाची सूचना: ‘सर्व डेस्कटॉपची थीम लॉक केली आहे. कृपया बदलण्याचा प्रयत्न करू नये.’ ही सूचना अर्धवट आहे. काय करायचं नाही तेवढंच ती सांगते, आणि मग चाळिशी लागलेले अकाउंट्समधले गृहस्थ अक्षरं मोठी करायलाही धजावत नाहीत.

विंडोजमधली थीम म्हणजे मागचं चित्र, रंग, आवाज आणि माउसचा बाण यांचं एक गाठोडं. आयटीवाले सर्व्हरवरून ‘ग्रुप पॉलिसी’ लावून त्याला कुलूप घालतात. गंमत अशी, की `Prevent changing theme` हा नियम लावल्यावर तयार थीम निवडणं किंवा नवी साठवणं तेवढं बंद होतं. चित्र, रंग, आवाज सुटे सुटे बदलता येतातच. चित्र पक्कं करायला `Desktop Wallpaper` हा निराळा नियम लागतो. त्यामुळे नुसतं ‘थीम लॉक’ म्हटलं, तर नेमकं काय बंद झालं ते कुणालाच कळत नाही.

त्यापेक्षा सूचना अशी हवी: ‘वॉलपेपर आणि थीम कंपनीने ठरवली आहे, ती बदलता येणार नाही. अक्षरांचा आकार, माउसच्या बाणाचा आकार, रात्रीचा पिवळसर प्रकाश आणि आयकॉनची मांडणी आपल्या सोयीने ठेवावी.’ विंडोज ११मध्ये अक्षरांचा आकार `Settings` मधल्या `Accessibility` खाली `Text size` इथे मिळतो. १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत तो वाढवता येतो, आणि थीमच्या कुलपाशी त्याचा काही संबंध नाही.

इंटरनेटवरच्या युक्त्या वापरून वॉलपेपर बदलणारे महाभाग असतातच. पण ग्रुप पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी, वर अर्धा तास इकडेतिकडे धरून, पुन्हा तपासली जाते आणि लॉगइन करतानाही लागू होते. त्यामुळे ही मजा फार टिकत नाही.

मात्र लॅपटॉप घरी नेल्यावर पडदा नुसता काळा दिसला, तर दोष तुमचा नसतो. चित्राची फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलेली असते आणि घरून ती सापडत नाही. नियम चित्राशिवायही लागूच राहतो, म्हणून दुसरं चित्रही लावता येत नाही. फाइल आधी प्रत्येक मशीनवर कॉपी करून पॉलिसीत तिथला पत्ता दिला, की प्रश्न मिटतो.

खरी काळजी कॉन्ट्रास्ट थीमची. नजर कमजोर असलेल्यांना काळ्यावर पिवळी अक्षरं लागतात, आणि ही सोयसुद्धा शेवटी थीमच. सगळ्यांना कुलूप घालण्याआधी आयटीने एका चाचणी खात्यावर ती चालू करून पाहावी. अडत असेल, तर अशा कर्मचाऱ्यांचा वेगळा गट करून त्यांना पॉलिसीतून वगळता येतं. हा अर्ज कुणाकडे करायचा, तेही सूचनेतच लिहावं.