एक स्कूटर, तीन करार

जुनी स्कूटर 45,000 रुपयांना विकली. 30,000 हातात आले, 15,000 नंतर द्यायचे ठरले. हाच व्यवहार तीन परिस्थितींत पाहू.

पहिल्यात घेणारा सतरा वर्षांचा आहे. उरलेल्या पैशांसाठी त्याच्यावर दावा टिकणार नाही, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात हेच ठरवले. अज्ञान मुलाने घरे गहाण ठेवून कर्ज काढले होते. ते गहाणखत रद्द झाले, आणि सावकाराला दिलेली रक्कमही परत मिळाली नाही. मुलाचे वय त्याच्या मुखत्याराला ठाऊक होते. अशा मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर ‘जुना करार मला मान्य’ असे लिहून दिले, तरी त्यात जीव येत नाही. जे जन्मलेच नाही त्याला मान्यता कसली द्यायची? म्हणून असा सौदा आई किंवा वडिलांच्या नावाने करावा.

दुसऱ्यात घेणारा सज्ञान आहे, पण विकणाऱ्याने मीटर मागे फिरवून 80,000 किलोमीटरची गाडी 25,000 ची म्हणून खपवली. हा करार मात्र जिवंत आहे. तो ठेवायचा की मोडायचा, हे फक्त फसलेल्याने ठरवायचे. फसवणारा त्यातून अंग काढून घेऊ शकत नाही. कायद्याच्या भाषेत याला शून्यकरणीय म्हणतात. मोडायचा असेल तर तसे विक्रेत्याला कळवायचे, शक्यतो लेखी. मग गाडी परत, पैसे परत. लबाडी कळूनही चार महिने स्कूटर फिरवत राहिलात, तर करार तुम्ही मान्य केला असा अर्थ निघतो, आणि मोडण्याचा हक्क बहुधा जातो. इथेच बरेच जण फसतात: ‘बघू, बोलू’ करत गाडी वापरत राहतात.

तिसऱ्यात ना अज्ञान, ना लबाडी. 15,000 रुपये 1 जून 2022 ला द्यायचे ठरले होते. भिडेपोटी विक्रेत्याने काही केले नाही आणि तीन वर्षांची मुदत उलटली. देणे संपले का? नाही, फक्त कोर्टाचा रस्ता बंद झाला. असा करार अंमलात आणता येत नाही, एवढेच. घेणाऱ्याने आपणहून पैसे दिले, तर ‘मुदत संपली होती’ म्हणून ते परत मागता येणार नाहीत. आणि त्याने ‘उरलेले 15,000 देईन’ असे सहीनिशी लिहून दिले, तर त्या नव्या वचनावर दावा चालतो. तोंडी कबुली मात्र कितीही साक्षीदारांसमोर दिली, तरी पुरत नाही.