तीन महिन्यांची बेगमी

नोकरी गेली की डोक्यात पहिला आकडा येतो तो गेलेल्या पगाराचा. ४२ हजार आता कुठून उभे करायचे? खरं तर तेवढे उभे करायचेच नसतात. नवी नोकरी लागेपर्यंत खर्च आणि हातातले पैसे यांच्यात जो खड्डा पडतो, तेवढाच भरायचा असतो. हा खड्डा केवढा आणि कोणत्या आठवड्यात पडतो हे कागदावर मांडलं, तर मधल्या काळात कोणतं काम धरायचं हे बरंचसं तिथेच कळतं.

समजा, भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स पाहणाऱ्या गृहस्थाची नोकरी ३१ जुलैला गेली. घरभाडं १३ हजार. किराणा, दूध, गॅस, वीज मिळून १२ हजार. मुलीची शाळा साडेतीन, गाडीचा हप्ता तीन, आईची औषधं दोन, मोबाइल आणि पेट्रोल अडीच. महिन्याचे झाले ३६ हजार, तीन महिन्यांचे १ लाख ८ हजार. बँकेत आहेत ४० हजार आणि कंपनीकडून हिशेबाचे २६ हजार यायचे आहेत. पीएफ यात धरायचा नाही; एकदा तो हिशेबात आला की हात सैल सुटतो. म्हणजे कमी पडतात ४२ हजार, महिन्याला १४ हजार. पगाराच्या एक तृतीयांश. अर्ध्या दिवसाच्या कामात हे जमण्यासारखं आहे, आणि उरलेला अर्धा दिवस नोकरी शोधायला मोकळा राहतो.

पण बेरजेइतकीच तारीख महत्त्वाची. ऑगस्ट बँकेतल्या पैशांवर निघतो. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत थकलेला पगार चुकता व्हायला हवा. प्रत्यक्षात अंतिम हिशेबाला महिना-दीड महिना लावणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. तेव्हा २६ हजार सप्टेंबरच्या मध्यावर येतील असं धरलेलं बरं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हातात चार हजार आणि समोर घरभाडं, ही खरी अडचण. म्हणून काम निवडताना दर किती याच्या आधी पैसे कधी मिळतील हे विचारायचं. मोठ्या कंपनीचं चांगल्या दराचं काम, पण बिल ४५ दिवसांनी निघणार असेल, तर तीन महिन्यांच्या या खेळात ते फारसं उपयोगी नाही.

अकाउंट्सच्या माणसाला लवकर पैसे कुठे मिळतात? आसपासच्या दुकानांत. हार्डवेअरवाला, औषधांचं दुकान, छोटा फॅब्रिकेटर. यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही, पण बिलांची टॅलीत नोंद करणारा हवाच असतो. या कामाचं वेळापत्रक जीएसटीने ठरवून दिलेलं आहे. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीची माहिती द्यावी लागते, १४ तारखेला पोर्टलवर GSTR-2B दिसायला लागतं आणि २० तारखेपर्यंत कर भरून GSTR-3B सादर करायचं असतं. तेव्हा धावपळ पाच ते वीस तारखेदरम्यान. मुलाखती शक्यतो वीसनंतर मागायच्या, निदान दुसऱ्या फेरीच्या तरी.

या कामात घोळ कुठे होतो तेही सांगतो. साडेतीन हजारांत ठरलेलं असतं चालू महिन्याचं काम. दुसऱ्या दिवशी मालक काउंटरखालून पिशवी काढतो. आत एप्रिलपासूनची बिलं: काही घडी पडलेली, काहींची शाई उडालेली, मधेच एखादी चहाची पावती. ‘हे पण जरा बघून घ्या.’ हे ‘जरा’ आठ-दहा दिवस खातं. मागच्या महिन्यांचा दर तिथल्या तिथे वेगळा सांगायचा, बिलं मोजून. दुसरा घोळ 2B चा. खरेदीचं बिल दुकानात आहे, पण पुरवठादाराने ते आपल्या विवरणात दाखवलेलंच नाही, तर ते 2B मध्ये येत नाही आणि त्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. कर वाढला की मालक नव्या माणसाकडे बोट दाखवतो. म्हणून न जुळणाऱ्या बिलांची यादी १५ तारखेलाच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. पुरवठादाराला फोन त्याने करायचा. आणि पोर्टलचा ओटीपी आपल्या मोबाइलवर येईल अशी सोय करून घ्यायची नाही, मालकाने कितीही विश्वासाने सांगितलं तरी.

पैसे निम्मे काम धरताना, निम्मे विवरण भरण्याच्या आधी. वीस तारीख उलटली की मालकाची घाई संपते, आणि देण्याची आठवणही.

ऑगस्ट-सप्टेंबरचा आणखी एक फायदा आहे. कर लेखापरीक्षणाचा अहवाल साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे सीए मंडळींच्या ऑफिसात या दिवसांत हात कमी पडतात. दुपारनंतरचं काम नऊ हजारांत ठरलं, तर मांडणी अशी होते: ऑगस्टमध्ये एका दुकानाचे ३,५००. सप्टेंबरमध्ये तीन दुकानांचे १०,५०० आणि सीएचे ९,०००. ऑक्टोबरमध्ये पुन्हा १०,५०० आणि त्या पिशवीचे ६,०००. एकूण ३९,५००. खड्डा ४२ हजारांचा, अडीच हजार कमीच पडले. ते किराणा-पेट्रोलमधून निघतात. पण सीएने पैसे ‘क्लायंटने दिले की देतो’ म्हणून नोव्हेंबरवर ढकलले, तर ऑक्टोबर साडेअकरा हजारांनी तुटतो. तिथे आठवड्याच्या हिशेबाने पैसे मागणं हाच उपाय.

जेवणाची पार्सलं पोचवण्याचं काम बहुतेकांना आधी सुचतं. पैसे आठवड्याला येतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण दिवसाला १०० किलोमीटर गाडी फिरली आणि ती लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर सव्वादोन लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे पुण्याच्या भावाने सव्वादोनशेच्या वर. खासगी गाडीचा विमा धंद्याच्या वापराला लागू नसेल तर अपघातात दावा अडकतो. दुकानं मिळेपर्यंतचे पंधरा दिवस भरून काढायला हे काम ठीक आहे. तीन महिने तेच केलं तर रात्री अकराला घरी आलेला माणूस सकाळी मुलाखतीत जांभया देतो.

ज्यांचा पगार ईएसआयसीच्या २१ हजारांच्या मर्यादेत होता, त्यांनी यातलं काही करण्याआधी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. पात्र ठरल्यास सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती सध्या चालू आहे का, हे शाखेत जाऊन विचारावं.

नोकरी शोधणाऱ्यांचे नंबर फिरत असतात, तेव्हा ‘घरबसल्या डेटा एंट्री’चे मेसेज येणारच. नोंदणीचे पैसे मागितले, किंवा आधी थोडे देऊन मग ‘टास्क’साठी भरायला सांगितलं, तर ती फसवणूक. काही जण करार करून घेतात आणि काम दिल्यावर चुका काढून वकिलाची नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नयेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

मधल्या कामाने पुढच्या नोकरीत अडचण येते ती बहुधा पीएफमुळे. कोणी दोन महिन्यांसाठी पगारावर घेऊन पीएफ कापला, तर ती नोंद यूएएनवर राहते आणि पार्श्वभूमी तपासताना नवी कंपनी त्याच्या रिलीव्हिंग लेटरची मागणी करते. बिल देऊन केलेल्या कामात हा प्रश्न येत नाही. बायोडेटात ‘ऑगस्ट ते ऑक्टोबर, स्वतंत्र काम’ अशी एक ओळ पुरते.

ऑफर आली की रुजू व्हायची तारीख वीसनंतरची मागावी. बऱ्याच ठिकाणी आठवडाभर पुढेमागे चालतं. तेवढ्यात तिन्ही दुकानांचा टॅलीचा बॅकअप मालकांच्या हातात द्यावा, त्यांना पासवर्ड बदलायला सांगावं आणि उरलेलं येणं वसूल करावं. एखादं दुकान संध्याकाळचं चालू ठेवायचा मोह होतो. तसं करायचं असेल, तर नव्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचावं.