एका बिटावर ठरणारी वाटणी

जावा भाषेतला `HashMap` नवा तयार केला की त्यात एकही बकेट नसते. पहिली नोंद आल्यावर तो १६ बकेटांचा ॲरे मांडतो. कागदावर काढायचा तर ० ते १५ आकड्यांचे चौकोन एकाखाली एक काढावेत. चौकोनातून बाण निघतो तो पहिल्या नोडकडे, त्या नोडमधून पुढच्याकडे. प्रत्येक नोड चार गोष्टी जपतो: कीचा हॅश, खुद्द की, व्हॅल्यू आणि पुढच्या नोडचा पत्ता.

नोंद कोणत्या बकेटमध्ये जाणार, हे `(n - 1) & hash` एवढ्यावर ठरते. बकेटांची संख्या नेहमी दोनाचा घात असल्यामुळे या हिशेबात हॅशचे फक्त शेवटचे काही बिट उरतात. १६ बकेट असतील तर शेवटचे चार. वरचे बिट अगदीच वाया जाऊ नयेत म्हणून `HashMap` आधी हॅशचे वरचे १६ बिट खालच्या १६ बिटांत मिसळून घेतो.

आता ५, २१ आणि ३७ या तीन की टाकून पाहू. पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो पूर्णांकच, आणि इतक्या लहान आकड्यांत वरचे बिट शून्य असल्याने मिसळण्याने काही बदलत नाही.

```
 5 = 000101
21 = 010101
37 = 100101
```

तिन्हींचे शेवटचे चार बिट ०१०१ आहेत. म्हणून तिन्ही पाचव्या क्रमांकाच्या बकेटमध्ये येतात आणि त्यांची साखळी होते:

```
[5] -> 5 -> 21 -> 37
```

३७ शोधायचा तर आधी ५ आणि २१ ओलांडावे लागतात. प्रत्येक नोडवर आधी साठवलेला हॅश ताडून पाहिला जातो. तो जुळला तरच कीची तुलना होते.

टेबल तीन चतुर्थांश भरेपर्यंत, म्हणजे १२ नोंदींपर्यंत, हे असेच चालते. तेरावी नोंद बसली की ३२ बकेटांचा नवा ॲरे घेतला जातो आणि सगळे नोड तिकडे हलवले जातात. हॅश नव्याने काढायची गरज नसते, कारण तो नोडमध्येच आहे. आता चारऐवजी पाच बिट पाहायचे, म्हणजे प्रत्येक नोडचा एकच नवा बिट तपासायचा. तो शून्य असेल तर नोड त्याच क्रमांकावर राहतो. एक असेल तर जुन्या क्रमांकात १६ मिळवून तिथे जातो.

```
[5]  -> 5 -> 37
[21] -> 21
```

२१चा पाचवा बिट एक, म्हणून तो वेगळा झाला. ३७चा पाचवा बिट शून्य, म्हणून तो ५च्या मागेच राहिला. पंचविसाव्या नोंदीला टेबल ६४ बकेटांचे होईल, तेव्हा सहावा बिट पाहिला जाईल आणि ३७ स्वतःच्या बकेटमध्ये जाईल.

या स्थलांतराचा सगळा भार त्या एकाच `put`वर पडतो. बाकीच्या नोंदी झटपट होतात आणि ही एक रेंगाळते. नोंदी किती येणार हे आधीच माहीत असेल तर आकार सुरुवातीला देता येतो, पण तिथेही लोड फॅक्टर विसरून चालत नाही. `new HashMap<>(1000)` लिहिले तर १०२४ बकेट मिळतात, आणि त्यांची मर्यादा ७६८ नोंदींची. हजार नोंदी भरताना टेबल एकदा वाढणारच.

मात्र काही टकरी टेबल कितीही वाढवले तरी सुटत नाहीत. `"Aa"` या स्ट्रिंगचा हॅश ६५ × ३१ + ९७, म्हणजे २११२. `"BB"`चा ६६ × ३१ + ६६, म्हणजे तोही २११२. दोघांत एकही बिट वेगळा नाही, त्यामुळे १६ बकेट असोत की दहा लाख, ते एकाच साखळीत राहणार. शिवाय या जोड्या एकापुढे एक ठेवल्या की अशा स्ट्रिंग हव्या तेवढ्या बनतात: `"AaAa"`, `"AaBB"`, `"BBAa"`, `"BBBB"`, चौघींचा हॅश एकच. दहा जोड्या जोडल्या तर समान हॅशच्या १०२४ स्ट्रिंग होतात.

डिसेंबर २०११मध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी बर्लिनच्या परिषदेत हेच दाखवले. फॉर्ममधल्या फील्डची नावे अशी निवडून पाठवली की एकाच विनंतीने वेब सर्व्हर अडकून पडतो, कारण प्रत्येक नवी नोंद आधीची सगळी साखळी चालून जाते. २०१४मध्ये आलेल्या जावा ८ने यावर उपाय केला. साखळी आठ नोडांपलीकडे गेली आणि टेबलात किमान ६४ बकेट असल्या, तर त्या बकेटचा रेड-ब्लॅक ट्री होतो. बकेट ६४पेक्षा कमी असतील तर आधी टेबलच वाढवले जाते. ट्री झाल्यावर १०२४ नोडांच्या साखळीऐवजी जास्तीत जास्त वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात.

म्हणून `HashMap` मंदावला की आधी कींचे पूर्ण हॅश छापून पाहावेत. ते वेगवेगळे असतील तर टेबल वाढताना गर्दी आपोआप फुटत जाते. एकच हॅश पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मोठा आकार देऊन फक्त मेमरी खर्च होईल. दुरुस्ती कीच्या `hashCode`मध्येच करावी लागेल.