चार फुटांची खिडकी, पाच फुटांचं लिंटेल

घर बांधताना सगळ्यांचं लक्ष स्लॅबवर असतं. स्लॅबच्या दिवशी घरमालक सकाळपासून साइटवर उभा राहतो. लिंटेल मात्र आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी, उरलेल्या मालात ओतून मोकळं होतात. दारा-खिडक्यांच्या वरची ही सहा इंच जाडीची आडवी पट्टी दोन्ही बाजूंना भिंतीत किती आत गेली आहे, हे बहुतेक वेळा कुणी मोजलेलंच नसतं. प्लॅस्टर झाल्यावर ते मोजता येत नाही.

लिंटेलचा जो भाग भिंतीवर टेकतो, त्याला गवंडी ‘बेअरिंग’ म्हणतात. घरगुती दारा-खिडक्यांसाठी ते दोन्ही बाजूंना किमान सहा इंच असावं, हा आपल्याकडचा रूढ नियम आहे. म्हणून चार फुटांच्या खिडकीचं लिंटेल पाच फुटांचं लागतं. हे सहा इंच कशासाठी, ते एका साध्या खिडकीवर बघू.

नऊ इंची विटांच्या भिंतीत चार फुटांची, म्हणजे सुमारे १.२ मीटरची खिडकी आहे. भिंत उंच असेल तर लिंटेलवर वरची सगळी भिंत बसत नाही. विटा एकमेकींवर सांधा मोडून रचलेल्या असल्यामुळे बराचसा भार आपोआप दोन्ही बाजूंना उतरतो आणि लिंटेलच्या वाट्याला साधारण समभुज त्रिकोणाएवढीच भिंत येते. आपल्या खिडकीवर त्या त्रिकोणाचं वजन भरतं साधारण साडेतीनशे किलो. एवढ्याने कुठलंच बरं लिंटेल डगमगणार नाही, आणि दोन इंच बेअरिंगवरही ते वर्षानुवर्षं उभं राहील. ‘इतकी घरं बांधली, काही झालं नाही’ असं गवंडी सांगतो, त्यात म्हणूनच तथ्य असतं. कंपाउंडच्या भिंतीत किंवा पत्र्याच्या उंच शेडमध्ये ते खरंही ठरतं.

पण आपल्या नेहमीच्या घरात तो त्रिकोण पूर्ण व्हायला जागाच नसते. लिंटेलचा तळ सात फुटांवर असतो. त्याची जाडी धरून वर स्लॅबपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन फूट भिंत उरते. त्रिकोणाला मात्र पावणेचार फुटांच्या आसपास उंची हवी असते. स्लॅब मध्येच येऊन त्रिकोणाचं टोक कापतो आणि स्लॅबचा भार लिंटेलवर यायला लागतो. अशा वेळी अभियंते सुरक्षेसाठी खिडकीवरच्या पूर्ण रुंदीचा स्लॅबभार लिंटेलवर धरतात. तेरा फुटांची खोली, तिचा अर्धा स्लॅब या भिंतीवर; स्लॅबचं स्वतःचं वजन, फरशी, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सहाशे किलो धरले, तर फक्त स्लॅबचेच सोळाशे किलो होतात. भिंत आणि लिंटेलचं स्वतःचं वजन मिळवलं की आकडा एकवीसशेपर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक टोकाला सुमारे एक हजार पन्नास किलो.

आता हा भार झेलणारी जागा मोजू. सहा इंच बेअरिंग आणि नऊ इंच भिंत म्हणजे साधारण ३४५ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोपेक्षा थोडा जास्त दाब येतो. आपल्याकडच्या साध्या विटांची सिमेंटच्या मसाल्यातली भिंत सुमारे साडेतीन किलोपर्यंतचा दाब सुरक्षितपणे घेते, म्हणजे हिशेब बसतो, पण फार ऐसपैस नाही. बेअरिंग दोनच इंच ठेवलं तर तोच दाब साडेआठ-नऊ किलोंवर जातो. शिवाय लिंटेल भाराखाली किंचित वाकतं आणि त्याचा दाब खिडकीकडच्या कडेवर जास्त एकवटतो. त्यामुळे नेमक्या कोपऱ्यावरच्या विटेलाच सगळ्यात मोठा मार बसतो. पाच-सहा फुटांच्या खिडकीला मी आठ-नऊ इंचांचाच आग्रह धरीन.

भिंत कशाची आहे यावरही हे ठरतं. जांभ्याचा मऊ चिरा किंवा हलके ब्लॉक असतील तर आठ इंच ठेवणं शहाणपणाचं. खालचा चिरा ठिसूळ वाटला तर टोकाखाली नऊ इंच लांब, सहा इंच जाड काँक्रीटचा ठोकळा ओतावा. भार त्यावरून खाली जास्त जागेवर पसरतो.

लिंटेल कोणतं घ्यायचं, हा प्रश्न आता फारसा अवघड राहिलेला नाही. कोनाड्यावर किंवा अडीच-तीन फुटांच्या छोट्या उघडीवर, वर स्लॅब टेकत नसेल तर जाड शहाबादी किंवा कडप्पा चालतो. दगड दाब उत्तम घेतो, पण वाकणं त्याला सोसत नाही आणि तो पूर्वसूचना न देता तुटतो. त्यापुढे सळईचं काँक्रीटच घ्यावं. तयार लिंटेल आणलं तर त्याची खालची बाजू कोणती ते रंगाने लिहून घ्यावं, कारण मुख्य सळया खालच्या बाजूला असतात आणि उलटं बसवलेलं लिंटेल बाहेरून अगदी सारखंच दिसतं.

छज्जा मात्र हा सगळा हिशेब बदलतो. दीड-दोन फूट बाहेर आलेला छज्जा लिंटेलला बाहेरच्या बाजूने पिळतो. तो पीळ रोखतात भिंतीत दाबून धरलेली दोन्ही टोकं आणि वरची भिंत. म्हणून छज्जा असलेल्या लिंटेलला बेअरिंगमध्ये कंजुषी अजिबात नको, आणि वरची भिंत चढून मसाला घट्ट होईपर्यंत छज्ज्याचे टेकू काढू नयेत. छज्ज्याची सळई वरच्या बाजूला हवी. ओतणारा माणूस तिच्यावर उभा राहून ती खाली दाबतो, तिथेच पुढच्या अपघाताची पेरणी होते.

मोजमापातही एक चूक नेहमी होते. आपल्याकडे चौकट आधी उभी करतात आणि तिच्यावरच लिंटेल ओततात. मग बेअरिंग चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं जातं. चौकट आणि विटा यांच्यात इंच-दीड इंच माल भरलेला असतो. तो भिंत नव्हे. टेप पक्क्या विटेच्या कडेपासून शटरिंगच्या टोकापर्यंत धरावा आणि सळया त्या टोकापर्यंत पोचल्या आहेत ना, तेही पाहावं. चौकटीच्या माथ्यावर थोडी फट ठेवावी, नाहीतर भार लाकडावर येतो आणि पावसाळा संपला तरी दार अडकतच राहतं. खिडकी खोलीच्या कोपऱ्याला चिकटून काढली असेल तर सहा इंच टेकायला भिंतच उरत नाही. ते नकाशातच दुरुस्त व्हायला हवं, साइटवर त्याला उपाय नाही.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला झालेल्या भूकंपानंतर नव्या घरांत लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालण्यावर भर दिला गेला. तो मुळात भिंती बांधून ठेवण्यासाठी असतो, पण सलग असल्यामुळे टोकाच्या बेअरिंगचा प्रश्नच मिटतो. भार वाहणाऱ्या भिंतींच्या घरात खर्च थोडा वाढतो, तरी मी हाच मार्ग सुचवीन.

राहत्या घरात काय बघायचं? लिंटेलच्या टोकाशी केसासारखी आडवी चीर बहुतेक वेळा काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळी प्रसरण पावल्याची असते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून सांध्यासांध्याने पायऱ्यांसारखी तिरपी वर चढणारी भेग, किंवा टोकाखालच्या विटेत उभी पडलेली चीर, ही मात्र वेगळी गोष्ट. तिच्यावर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी आणि दोन-तीन महिने पाहावं. भेग रेघ ओलांडून पुढे गेली, तर पुट्टी भरण्यात अर्थ नाही. अभियंत्याला बोलावून स्लॅबला खालून टेकू द्यावेत, एका बाजूचं काम संपल्यावरच दुसरी उघडावी, टोकाखालची चिरडलेली वीट काढून काँक्रीटचा ठोकळा बसवावा आणि तो घट्ट झाल्यावर वरची फट कोरड्या मालाने ठासून भरावी.