चौघांचे चार फोटो, कव्हर एकच: चेहरे ‘चिकटवलेले’ का दिसतात?

बँडमधली गायिका पुण्यात, गिटारवादक बंगळुरूत, ड्रमर नाशिकला आणि कीबोर्डवादक मुंबईत. गाणं आपापल्या घरी रेकॉर्ड करून जोडता येतं. पण चौघांचे फोटो तसेच जोडले, तर कव्हर बघताक्षणी खटकतं. चेहरे कितीही सफाईनं कापले, तरी ते चिकटवलेलेच वाटतात. याचं कारण बहुतेक वेळा कापलेल्या कडेत नसतं, ते उजेडात असतं.

डोळा नेमकं काय पकडतो?

चेहरे एकाच पार्श्वभूमीवर शेजारी ठेवले, की ते एकाच खोलीत उभे आहेत असं आपण गृहीत धरतो. मग एकाच्या नाकाची सावली उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे पडलेली दिसली, की खोटेपणा जाणवतो. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून दोन गोष्टी पाहाव्यात: नाकाची सावली कुठे पडली आहे आणि बुबुळातला चमकणारा ठिपका कोणत्या बाजूला आहे. उजेड कुठून आला, हे यावरून कळतं.

1963 च्या ‘विथ द बीटल्स’ अल्बमचं कव्हर या बाबतीत आदर्श मानता येईल. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन यांनी चौघांना हॉटेलमधल्या खिडकीच्या उजेडात, काळ्या पोलो नेकमध्ये टिपलं. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारात. तिथे चौघं एकत्र होते. वेगवेगळ्या शहरांत असाल, तर तीच खिडकी चार घरांत शोधावी लागते.

आधी सूचना, मग फोटो

चौघांना एकच सूचना पाठवावी. खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसा, खिडकी तुमच्या डाव्या हाताला येऊ द्या, घरातले दिवे बंद करा. अंगात गडद, बिनअक्षरी कपडे आणि मागे साधी भिंत असू द्या. फोटो दुसऱ्या कुणीतरी दीड-दोन मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर, मागच्या कॅमेऱ्यानं काढावा. हाताच्या अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ते नंतर दुरुस्त होत नाही. पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण तो केसांची कड पुसट करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो दाबला जात नाही.

फोटो आधीच काढलेले असतील तर?

समजा, गायिकेचा फोटो खिडकीपाशी नीट आला आहे. तो नमुना धरावा. गिटारवादकावर उजेड उलट बाजूनं आहे, तर त्याचा फोटो आडवा उलटवता येतो. फक्त केसांचा भांग, टॅटू आणि गिटार धरलेला हातही उलटतो, हे तपासावं. कीबोर्डवादकावर समोरून फ्लॅश पडला आहे, म्हणून चेहरा सपाट दिसतो. त्याच्या एका बाजूवर Multiply मोडमधला गडद थर मऊ ब्रशनं देऊन सावली तयार करता येते. ड्रमरचा फोटो मात्र भर दुपारच्या उन्हातला आहे आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या आहेत. तो पुन्हाच काढावा. सावली वाढवणं सोपं असतं, पण काळ्या पडलेल्या जागेतला तपशील परत आणता येत नाही.

रंग शेवटी

आता सगळे फोटो कृष्णधवल करून कपाळ आणि गालांची उजळपणाची पातळी जुळवावी. त्वचेचा मूळ फरक पुसायचा नाही, उजळ आणि काळोख्या बाजूतलं अंतर सारखं ठेवायचं. मग सगळ्यांवर मिळून एकच Gradient Map द्यावा, उदाहरणार्थ गडद निळ्यापासून फिकट पिवळ्यापर्यंत. बल्बचा पिवळेपणा आणि खिडकीचा निळेपणा त्यात आपोआप विरघळतो. सर्वात वर एकच दाणेदार थर दिला, की कॅमेऱ्यांमधला फरकही झाकला जातो. एखादा फोटो फारच धारदार असेल, तर तो आधी किंचित मऊ करावा.

फाइल साधारण 3000 बाय 3000 पिक्सेलची चौकोनी असते, पण ऐकणारा ती मोबाइलवर नखाएवढी पाहतो. त्या आकारात चारांपैकी एकच चेहरा आधी डोळ्यात भरला, तर जुळणी अजून बाकी आहे.

उजेड जुळतच नसेल तर?

मग चेहरे एका खोलीत आणूच नयेत. 1970 च्या ‘लेट इट बी’च्या कव्हरवर ईथन रसेल यांनी ध्वनिमुद्रणादरम्यान टिपलेले चार फोटो काळ्या पार्श्वभूमीवर चार वेगळ्या चौकटींत आहेत. चौकट आली, की चौघं एकाच जागी आहेत हा दावाच उरत नाही आणि डोळा सावल्यांची तुलना करत बसत नाही. तेव्हा डोक्यांचा आकार आणि डोळ्यांची रेषा तेवढी सारखी ठेवली, तरी कव्हर एकसंध दिसतं.