जिओफायची दोन कुलपं

गणपतीत गावचं घर भरलं, की वायफायचा पासवर्ड अर्ध्या तासात सगळ्यांकडे पोहोचतो. चुलत भाऊ, भाचे, आरतीला आलेले शेजारी, सगळ्यांचे मोबाइल एकाच डबीला जोडले जातात. पाहुणे परततात, पण शेजारच्या ओटीवर बसलेला मोबाइल ती डबी दिसली की आपोआप जोडला जातो आणि रोजचा डेटा दुपारीच संपतो. अशा वेळी पासवर्ड बदलायला हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र बदलायचे पासवर्ड दोन आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

रिलायन्स जिओचं ‘जिओफाय’ हे या खिशात मावणाऱ्या राउटरचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. आत सिमकार्ड आणि बॅटरी. मोबाइलच्या टॉवरवरून येणारं ४जी इंटरनेट ही डबी वायफायने आसपासच्या उपकरणांना वाटते. तिच्या अनेक मॉडेलांवर वायफायने १० उपकरणं जोडता येतात.

पहिल्यांदा जोडताना लागणारं नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड मागच्या झाकणाच्या आतल्या लेबलवर छापलेले असतात. लेबल बहुधा बॅटरीखाली असतं, म्हणजे ते वाचायचं तर डबी बंद करावी लागते. म्हणून आधी लेबलचा फोटो काढून घ्यावा, बॅटरी बसवावी, डबी सुरू करावी आणि मग मोबाइलच्या वायफाय यादीत ते नाव शोधावं. टाइप करताना घोळ होतो तो शून्य आणि ‘ओ’ अक्षरात, किंवा लहान-मोठ्या लिपीत.

हा झाला पहिला पासवर्ड, म्हणजे घराच्या दाराची किल्ली. दुसरा असतो डबीच्या स्वतःच्या पानाचा. जोडलेल्या मोबाइलवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी हे पूर्ण लिहायचं:

```
http://jiofi.local.html
```

पुढचं `http://` गाळलं, तर ब्राउझर कधी कधी हा पत्ता न उघडता त्याचा शोध घेऊ लागतो. हे पान इंटरनेटवर नसतं, ते डबीतच असतं. त्यामुळे सिममधला डेटा संपला तरी ते उघडतं. ब्राउझरने ‘Not secure’ असं दाखवलं तर घाबरायचं कारण नाही. ते पान साध्या `http` वर चालतं, एवढाच त्याचा अर्थ.

पान उघडत नसेल, तर बहुतेक वेळा गडबड मोबाइलचीच असते. वायफायवर इंटरनेट नाही असं वाटलं, की मोबाइल गुपचूप स्वतःच्या सिमवरचा डेटा वापरू लागतो आणि तिथे हा पत्ता कुणाच्याच ओळखीचा नसतो. मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून पुन्हा पाहावं. तरीही जमलं नाही, तर मोबाइलच्या वायफाय तपशिलात ‘Gateway’ समोर दिसणारा आकड्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. विंडोज संगणकावर `ipconfig` ही आज्ञा दिली, की तोच ‘Default Gateway’ समोर दिसतो.

पान लॉगिन मागतं. कंपनीकडून आलेलं नाव `administrator` आणि पासवर्डही `administrator`. मुख्य धोका इथेच आहे. हा शब्द सगळीकडे छापून आलेला आहे, आणि वायफायला जोडलेला कुणीही हे पान उघडू शकतो. आत गेलं, की वायफायचा पासवर्ड वाचता येतो आणि बदलताही येतो. म्हणजे दाराचं कुलूप बदललं आणि हा शब्द तसाच ठेवला, तर पुढच्या वेळी ज्याला वायफाय दिलं तो मालकालाच बाहेर काढू शकतो. म्हणून आधी पानाचा पासवर्ड बदलावा, नंतर वायफायचा.

मेन्यूंची रचना मॉडेलप्रमाणे बदलते. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘Security key’ किंवा ‘Password’ असा रकाना शोधायचा. सुरक्षेचा प्रकार WPA2 ठेवावा. त्यात किल्ली किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांची असते, आणि ती इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हांतच लिहावी. मोबाइल नंबर आणि मुलांची नावं टाळावीत. गावात ती सगळ्यांना माहीत असतात. चार असंबद्ध शब्द आणि दोन अंक लक्षात राहायला सोपे, ओळखायला अवघड.

‘Apply’ दाबताच वायफाय तुटतं. काही बिघडलं असं वाटून लोक इथे डबी बंद-चालू करत बसतात, पण जुनी किल्ली रद्द झाल्याचीच ती खूण असते. प्रत्येक मोबाइलवर ते नेटवर्क ‘Forget’ करून नव्या किल्लीने जोडायचं. शेजारचा मोबाइल मात्र आता बाहेरच राहतो. खात्री करायची तर पुन्हा पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी घरातल्या मोबाइलांशी ताडून पाहावी.

नवा पासवर्डच विसरला, तर रीसेटचं बटण काही सेकंद दाबून धरलं, की डबी मूळ स्थितीत येते. पण मग वायफायला लेबलवरची किल्ली आणि पानाला `administrator` पुन्हा लागू होतात, त्यामुळे रीसेट केल्यावर दोन्ही पासवर्ड लगेच नव्याने बदलावे लागतात.