साहेबांचा हात आणि आपलं गप्प बसणं

समजा, संध्याकाळी सहाला साहेब विभागातल्या नव्या मुलीला थांबवून घेतात. फाइल पाहायच्या निमित्ताने तिच्या खुर्चीमागे उभे राहतात, खांद्यावर हात ठेवतात, कपड्यांवरून काहीतरी बोलतात. ती अंग चोरते. आजूबाजूचे तिघेचौघे मान खाली घालून बसतात, कारण गोपनीय अहवाल साहेबांच्याच हातात असतो.

अशा वेळी साहेबांना चारचौघांत सुनावावंसं वाटतं. पण दुखावलेल्या साहेबांचा राग बहुधा तिच्यावरच निघतो, तोही तुम्ही घरी गेल्यावर. त्यापेक्षा तो प्रसंग मोडावा. "साहेब, बिलांवर सही हवी होती" म्हणत मध्ये जावं, किंवा तिलाच हाक मारावी, "अगं, तो ताळेबंद जरा दाखवतेस का?" आरोप होत नाही आणि तिला उठायला वाव मिळतो. बळजबरी होत असेल तर मात्र निमित्त शोधत बसू नये. लोकांना हाका माराव्यात, ११२ ला फोन करावा.

नंतर तिला एकटीला गाठून विचारावं, "मी पाहिलं. तुला काय करावंसं वाटतं?" तक्रार करायची की नाही, हे तिनेच ठरवायचं. परस्पर तक्रार केली, तर चौकशीला आणि कुजबुजीला तोंड तिलाच द्यावं लागतं. तिच्या वतीने दुसऱ्याला तक्रार करता येते. २०१३च्या कायद्याच्या नियमांनुसार काही कारणाने तिला स्वतःला ती करणं शक्य नसेल, तर प्रसंगाची माहिती असलेली व्यक्ती तक्रार देऊ शकते. पण तिची लेखी संमती हवी.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान कचेरी असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना तिच्या लेखी मागणीवरून तिची किंवा साहेबांची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिला सांगावं.

ती 'नको' म्हणाली तरी एक काम उरतं. त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं आणि साहेब नेमके काय बोलले, ते लिहून ठेवावं. 'साहेब वाईट वागले' हे मत झालं. 'उजव्या खांद्यावर हात ठेवला, ती बाजूला सरकली, त्यांनी पुन्हा ठेवला' ही साक्ष झाली. ही नोंद कचेरीच्या संगणकावर नको, आणि तिची चर्चा चहाच्या टपरीवर तर मुळीच नको. दोन महिन्यांनी तिने तक्रार करायचं ठरवलं, तर समितीपुढे तिच्या शब्दाला तुमच्या नोंदीचा आणि तुमच्या साक्षीचा आधार मिळेल.